अर्ध्यावर ठेवलेला विनोद

यंत्राच्या बटणावर अजून पातळ प्लास्टिकचा पापुद्रा होता, कारखान्यातून निघताना चिकटवतात तो. त्याचा एक कोपरा किंचित उचललेला होता. म्हणजे कोणीतरी नखाने तो काढायला घेतला होता आणि सोडून दिला होता. उचललेल्या कोपऱ्याखाली धूळ शिरून तिथे करडी रेघ झाली होती. बाकीचं बटण नव्यासारखं हिरवं होतं.

हे यंत्र बाबांचं. हातात मावेल एवढी नळी. तिचं टोक हनुवटीखाली मऊ जागी टेकवायचं, बटण दाबायचं आणि नेहमीसारखे ओठ-जीभ हलवायचे. नळी गुणगुणते, तोंड त्या गुणगुणीचे शब्द करतं. गेल्या वर्षी कर्करोगामुळे बाबांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून ते मानेतल्या छिद्रातून श्वास घेतात आणि बोलण्यासाठी हेच साधन सुचवलं गेलं होतं. वाचोपचार करणाऱ्या बाईंकडे ते जायचे, नमुन्याच्या यंत्रावर नीट शिकले, जागाही अचूक सापडली. घरी आल्यावर मात्र स्वतःचं यंत्र पुस्तकांच्या फळीवर ठेवलं ते ठेवलंच. का, असं विचारलं तर पाटीवर लिहिलं: "लिफ्टमध्ये मजले सांगणाऱ्या बाईच्या नवऱ्यासारखा आवाज येतो."

पाटी आणि फोन, या दोनच गोष्टींवर त्यांचं चाललं होतं. आणि ते ज्या माणसाचं चाललं होतं, तो आमच्या बाजारपेठेतला सर्वांत बोलका माणूस होता.

बाबा आणि काका यांचं चष्म्यांचं दुकान आहे. पुढच्या काउंटरवर बाबा, पडद्यामागे काच घासायच्या मशीनवर काका. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणायचं, "या चष्म्यात मी जरा वयस्कर दिसतो." बाबा म्हणायचे, "चष्मा नवा आहे हो," आणि तिथेच थांबायचे. त्या थांबण्यात गिऱ्हाइकाला स्वतःचं वय आठवायचं आणि ते हसत सुटायचं. हाच टोला दुसऱ्या कोणी मारला असता तर गिऱ्हाईक उठून गेलं असतं.

ऑपरेशननंतर जागा बदलल्या. बाबा पडद्यामागे गेले आणि काका पुढे आले. काका मुळात मितभाषी. काचेची कड केसाच्या जाडीपर्यंत ते अचूक घासतील, पण "हा तुम्हाला शोभत नाही" एवढंच बोलतात आणि गप्प बसतात. गिऱ्हाइकं कमी होत गेली. महिन्यापूर्वी काकांनी बाबांना विचारलं होतं, "दादा, तू पुढे बसणार आहेस का? नसशील तर तसं सांग. मी एकट्याने हे ओढणार नाही, आपण शटर खाली घेऊ." बाबांनी पाटी उचलली, खडू धरला आणि काहीच लिहिलं नाही. रोज काका तो प्रश्न डोळ्यांत घेऊन यायचे आणि बाबा मशीन सुरू करायचे. मशीनचा आवाज फार मोठा आहे.

त्यात त्याच आठवड्यात बाबांची वर्षाची तपासणी झाली होती. रोग परत आलाय की नाही ते कळायचं होतं. रिपोर्ट यायला वेळ होता. घरात त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं, पण आई चहात दोनदा साखर घालत होती.

आणि शनिवारी काकांचा साठावा वाढदिवस आला.

दर वाढदिवसाला सकाळी बाबा काकांना फोन करत. दोघांच्या घरांमधलं अंतर हाकेचं, तरी फोनच. अतिशय गंभीर आवाजात म्हणत, "धाकट्या, एक वाईट बातमी आहे." मग थांबत. मग म्हणत, "तू यंदाही माझ्यापेक्षा लहानच राहिलास." विनोद एवढाच. मी लहानपणापासून तो ऐकत आले आहे आणि त्यात काय आहे हे मला कधी कळलं नाही. पण दोघं असे हसायचे की आई म्हणायची, "एकाच आईची लेकरं, एकाच माळेचे मणी."

त्या सकाळी बाबा आरामखुर्चीत बसून टाइप करत होते. चेहऱ्यावर जुनी खट्याळ कळा होती, ती वर्षभरात मी पाहिली नव्हती. पाठवलं. मग फोन पालथा ठेवला, चहाचा कप घेतला आणि मला पाटीवर लिहून दाखवलं: "थोडं मुरू दे."

मी उत्सुकतेने विचारलं, "काय पाठवलंत?"

त्यांनी बोटाने फोन उलटा करून दाखवला. काकांना गेलेला निरोप तेवढाच होता: "एक वाईट बातमी आहे."

मी डबा भरत होते. हात थांबला. "बाबा, पुढचं पाठवा. आत्ता."

त्यांनी हाताने दम धर अशी खूण केली आणि चहा फुंकला. फुंकणं अर्थात निव्वळ सवयीचं होतं. श्वास आता तोंडातून जात नाही.

"बाबा, रिपोर्ट यायचाय! काका काय समजतील?"

खट्याळ कळा पुसली गेली. त्यांनी घाईने फोन उचलला, चष्मा शोधला, तो कपाळावर होता. बोटं अडखळली. दुसरं वाक्य अर्धं झालं असेल तोच जिन्यात पावलं वाजली. दार उघडंच होतं. काका आत आले. एका पायात चप्पल होती, एक पाय अनवाणी. खिशातून डोळ्यांमधलं अंतर मोजायची पट्टी बाहेर डोकावत होती. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता.

"कुठे परत आलाय?" त्यांनी विचारलं. "मानेतच, की खाली उतरलाय?"

आईने भिंतीला हात टेकवला.

बाबांनी तेवढ्यात वाक्य पुरं करून पाठवलं असावं. काकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढला, वाचला. मी त्यांचे डोळे ओळीवरून जाताना पाहिले आणि पुन्हा सुरुवातीला येताना पाहिले.

"तू यंदाही माझ्यापेक्षा लहानच राहिलास," त्यांनी मोठ्याने वाचलं. एखादं बिल वाचावं तसं.

बाबा हसत होते. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो, नुसते खांदे हलतात. काका न हसता त्यांच्याकडे बघत राहिले तेव्हा खांदे थांबले.

"गिऱ्हाइकाच्या नाकावर नंबर तपासायची फ्रेम तशीच ठेवून आलोय मी," काका म्हणाले. "बिचारी बाई आंधळ्यासारखी बसली असेल. जिने कसे चढलो माझं मला ठाऊक." ते थोडं थांबले. "दादा, पुरे झाली तुझी थट्टा. माझा एकच प्रश्न आहे, तो तुला ठाऊक आहे. त्याचं उत्तर असेल तर पाठव. नाहीतर काही पाठवू नकोस."

ते गेले. एका चपलेचा आवाज जिन्यात बराच वेळ येत राहिला.

बाबा पाटीवर लिहीत होते. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग पाटी माझ्याकडे फिरवली. "तोच विनोद आहे. एक शब्द बदलला नाही."

हे खरं होतं.

आई म्हणाली, "शेवटी ते पिवळं हसरं तोंड तरी लावायचं. सगळे लावतात."

बाबांनी लिहिलं: "हसायला सांगावं लागलं तर तो विनोद कसला."

"मग भोगा," आई म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला.

दुपारी काकू आली. ती काकांची चप्पल शोधायला आली नव्हती, चप्पल जिन्यातच सापडली होती. तिने मला गॅलरीत बोलावलं.

"हे जेवले नाहीत," ती म्हणाली. "साठ वर्षांचा घोडा आणि पोरासारखा रुसून बसलाय. तुला एक पाठवते. त्यांना सांगू नकोस मी दिलं म्हणून."

काकांच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. त्यांना ते बंद करता येत नाही, किंवा केलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वाढदिवसाचा कॉल होता.

"दुकानात गिऱ्हाईक नसलं की लावून बसतात," काकू म्हणाली. "मी विचारलं तर म्हणाले, आवाज तपासतोय, स्पीकर खराब झालाय."

मी कानांच्या तपासणीचं काम करते. माणसाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही हे मोजणं हा माझा रोजचा व्यवसाय. त्यामुळे रेकॉर्डिंग हातात आल्यावर मी जे केलं ते सवयीने केलं: संगणकावर घेतलं आणि आवाजाच्या चढउताराची रेघ काढली. असं केलं म्हणजे ऐकताना रडू येणार नाही असं मला वाटलं होतं. तो अंदाज चुकला.

मग मी बाबांना बोलावलं. आधी विचारलं, "तुमचा आवाज आहे. ऐकायचाय का?" त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"धाकट्या, एक वाईट बातमी आहे."

"बोल. मन घट्ट केलंय."

"तू यंदाही माझ्यापेक्षा लहानच राहिलास."

मग दोघांचं हसणं, आणि काकांचं, "बरं, पुढच्या वर्षी गाठतो."

बाबांचा हात मानेवरच्या जाळीदार कापडावर गेला होता. मी त्यांना सावरायला वेळ दिला. मग पडद्यावर बोट ठेवलं.

"ही रेघ बघा. तुम्ही 'आहे' म्हणता तेव्हा ती किंचित वर जाते. खरी वाईट बातमी सांगताना बहुतेक वेळा आवाज शेवटी खाली बसतो. तुमचा बसत नाही. आणि इथे, नाकात अडवलेलं हसू आहे. काकांना पहिल्या शब्दापासून माहीत होतं."

त्यांनी रेघेजवळ चेहरा नेला.

"आणि हा तुमचा थांबा. सांगा किती मोठा आहे."

त्यांनी दोन्ही हात फाकवले, पकडलेला मासा केवढा ते दाखवावं तसे.

"एका श्वासाएवढा सुद्धा नाही. तो मोठा वाटतो, कारण तो भरलेला आहे. त्यात तुमचा श्वास ऐकू येतो, काका तुमच्या तोंडाशी कान लावून आहेत. मध्ये 'बोल' ते म्हणतात. तुम्ही दोघांनी मिळून धरलेली दोरी आहे ती. आज तुम्ही तोच थांबा फोनवर ठेवलात, पण तिथे दोरी नाही. दुसऱ्या टोकाला माणूस एकटा. रिकाम्या जागेत तो आपल्याच मनातलं भरतो. काकांच्या मनात या आठवड्यात काय होतं?"

बाबांनी लिहिलं: "मला तर माझाच आवाज ऐकू येत होता टाइप करताना."

"तोच घोटाळा आहे. लिहिणाऱ्याला आपला सूर ऐकू येतो, त्याला वाटतं तोही शब्दांबरोबर गेला. जातात फक्त शब्द. वाचणारा ते त्याच्या सुरात वाचतो."

त्यांनी पाटी मांडीवर ठेवली. फोन घेतला. मी शेजारी बसून राहिले. त्यांनी आधी लिहिलं, "रागावलास का?" ते पुसलं. मग नवाच विनोद लिहिला, साठीवर, बुद्धी नाठी वगैरे. मला दाखवला.

"हा तुम्ही समोर उभं राहून म्हटलात तर हसतील," मी म्हटलं. "आज वाचतील तर खरंच धरतील. जिथे आत्ता दुखतंय, तिथे विनोद नको. आधी मायेचं लिहा, साधं. विनोद करायचाच तर मागून, आणि अख्खा, एकाच निरोपात. अर्धा इकडे, अर्धा तिकडे नाही."

त्यांनी साधं लिहून पाहिलं: "वाढदिवसाच्या शुभेच्छा. सकाळी चुकलं." मग पाटीवर लिहिलं: "हे मी नाही. हे पोस्टमन आहे."

मला हसू आलं आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं. मी उठून फळीवरचं यंत्र आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी तोंड फिरवलं.

"मी खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "याने तुमचा सूर परत येणार नाही. सगळी वाक्यं एकाच पट्टीत येतील. ती वर जाणारी रेघ याच्यात सपाट होईल. 'ह' नीट उमटणार नाही. पण थांबा तुमच्या अंगठ्यात आहे, बाबा. बटण सोडलं की थांबा, दाबलं की शब्द. आणि त्या थांब्यात समोरचा माणूस तुमचं तोंड बघत असेल. सूर गेला, पण वेळ गेलेली नाही. भुवया तर कोणी काढलेल्या नाहीत."

त्यांनी भुवई उडवली. बहुधा नकळत.

मी तिथून उठले. स्वयंपाकघरात आई होती, तिला कुकर लावायला मदत केली. परत आले तेव्हा बाबा खुर्चीत नव्हते. फळीही रिकामी होती. टेबलावर पाटीजवळ प्लास्टिकचा पापुद्रा पडला होता.

मी त्यांना रस्त्यात गाठलं. ते भराभर चालत होते आणि मधेच थांबत होते. मानेतल्या छिद्रातून घेतलेला श्वास चालताना पुरत नाही. एका थांब्यावर त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं: "आधी काय?"

मला कळलं त्यांना काय विचारायचंय. "आधी भीती काढून घ्या," मी म्हटलं. "मग बाकीचं."

दुकानात दिवे लागले होते. काउंटरवर एक मध्यमवयीन गृहस्थ आरशात बघत होते, नाकावर जाड काळी फ्रेम होती. काका त्यांच्यासमोर हात बांधून उभे होते.

"कसा वाटतो?" गृहस्थांनी विचारलं.

"जड वाटेल," काका म्हणाले.

"दिसायला कसा, म्हणतोय मी."

काकांनी विचार केला. "तुमचा चेहरा लहान आहे."

गृहस्थांनी फ्रेम काढून ठेवली. "बरं, येतो मी." ते दारातून बाहेर पडले आणि आम्ही आत आलो. काकांनी आमच्याकडे पाहिलं, मग फ्रेम उचलून कापडाने पुसायला लागले. फ्रेम स्वच्छ होती.

"गिऱ्हाईक घालवलं," ते फ्रेमलाच म्हणाले. "हे आजचं तिसरं. काय दादा, पाटी विसरलास?"

बाबांनी खिशातून यंत्र काढलं. काकांचा हात थांबला. त्यांनी ते यंत्र बाबांच्या हातात कधी पाहिलं नव्हतं, फक्त आहे एवढं ऐकलं होतं.

बाबांनी टोक हनुवटीखाली लावलं. पहिल्यांदा नुसती घरघर झाली, जागा चुकली होती. त्यांनी टोक बोटभर सरकवलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. मला वाटलं, आता ते खिशात ठेवतील.

"रिपोर्ट," यंत्र म्हणालं. सपाट, धातूचा, कोणाचाच नसलेला आवाज. "अजून आला नाही. जे असेल ते तुला आधी सांगेन. त्यावर थट्टा करणार नाही."

काकांनी फ्रेम खाली ठेवली. त्यांचे ओठ घट्ट मिटले होते. या आवाजाचं काय करायचं हे त्यांना समजत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. दोन वर्षांपूर्वीचा दुसरा आवाज त्यांच्या खिशात होता.

"सकाळी चुकलो," बाबा म्हणाले. मग दम घेतला. "साठ वर्षांचा झालास. शुभेच्छा."

"बरं," काका म्हणाले. "बस आता. दमशील."

बाबा बसले नाहीत. त्यांनी काउंटरवर कोपर टेकवलं, गिऱ्हाइकासमोर टेकवायचे तसं.

"धाकट्या. एक बातमी आहे."

आणि अंगठा उचलला.

काकांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ गंभीर होते, अगदी मयताला आल्यासारखे. पण डावी भुवई हळूहळू वर चढत होती. मी थांबा मोजला नाही. काकांचा चेहरा मात्र पाहिला: आधी कपाळाची आठी सैल झाली, मग नाकपुडी हलली.

"बोल," काका म्हणाले. "मन घट्ट केलंय."

"तू यंदाही लहानच राहिलास," यंत्र सपाटपणे म्हणालं. त्यातला 'ह' कुठे तरी गळाला, पण काकांचं त्यावाचून काही अडलं नाही. त्यांनी तळहाताने डोळे झाकले. त्यांचे खांदे हलायला लागले आणि बाबांचेही हलायला लागले. दोघांचा मिळून एकच आवाज येत होता, काकांचा.

तो थांबेपर्यंत बाबांनी वाट पाहिली. मग मघाशी आरशासमोरून उठून बाहेर गेलेल्या गृहस्थांच्या दिशेने एकदा पाहिलं, काउंटरवरची काळी फ्रेम उचलून जागेवर लावली आणि पुन्हा बटण दाबलं.

"आणि लहानांनी मागे बसायचं असतं," ते म्हणाले. "सोमवारपासून तू मशीनवर जा. पुढे मी बसणार."